वसतिगृहातला पहिला दिवस : रूममेटचं स्वागत कसं करायचं

खोलीत जो आधी पोचतो, त्याच्याकडे यजमानपण येतं. तो फक्त दोन तास आधी आलेला असला तरी नंतर येणाऱ्याच्या दृष्टीने खोली त्याची असते. त्याची चादर अंथरलेली असते, कपाटाला त्याचं कुलूप असतं आणि दार आतून त्याने लावलेलं असतं. दारात बॅगा घेऊन उभ्या राहिलेल्या मुलाला किंवा मुलीला आपण दुसऱ्याच्या घरात शिरतोय असं वाटतं. ते वाटणं पहिल्या अर्ध्या तासात घालवायचं, एवढंच या स्वागताचं काम आहे. त्यातलं बरंचसं तोंडातून शब्द निघण्याआधीच झालेलं असतं, म्हणून सुरुवात खोलीपासून करू.

उदाहरण म्हणून पुण्यातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या मुलींच्या वसतिगृहातली तिघींची खोली घेऊ. साधारण बारा बाय चौदा फुटांची. पश्चिमेला एक खिडकी, समोरच्या भिंतीला दार, मधोमध एकच पंखा. तीन लोखंडी खाटा, तीन टेबलं, तीन कपाटं. प्लगपॉइंट मात्र दोनच, एक खिडकीजवळ आणि एक दाराजवळ. सोलापूरची मुलगी सकाळी नऊला पोचते. अमरावतीची रात्रभराचा प्रवास करून साडेबाराला येते, सोबत आई-वडील. पाटण्याची संध्याकाळी सातला येते. रेल्वेत एक दिवसाहून जास्त काढलेला, सोबत फक्त वडील, आणि मराठीचा गंध नाही.

आधी पोचलात तर

सोलापूरच्या मुलीने सकाळी नऊला काय करावं? खिडकीजवळची खाट रिकामी आहे, मोठं कपाट रिकामं आहे, प्लगही तिथेच आहे. आधी आलो म्हणजे आधी निवडलं, असा हिशेब मनात सहज येतो आणि बहुतेक जण तसंच करतात. पण दोन महिन्यांनी खोलीत जे खटके उडतात, त्यातल्या कित्येकांचं मूळ या पहिल्या तासात सापडतं. नंतर आलेली त्या दिवशी काही बोलत नाही. ऑक्टोबरची उष्णता सुरू झाली आणि पंख्याचं वारं आपल्या खाटेपर्यंत पोचत नाही हे कळलं, की मग बोलते.

म्हणून सामान एका खाटेवर ठेवा, पण गादी अंथरू नका. कपाटात कपडे लावू नका, बॅग बंदच राहू द्या. दुसरी रूममेट त्या दिवशी संध्याकाळपर्यंत येणार असेल तर एवढं थांबणं जमतं. ती दोन-चार दिवसांनी येणार असेल तर खुशाल अंथरूण घाला, फक्त ती आल्यावर पहिल्या पाच मिनिटांत सांगा, ‘मी तात्पुरती इथे झोपतेय, आपण बसून ठरवू.’ या वाक्यात ‘तात्पुरती’ हा शब्द असलाच पाहिजे.

तेवढ्यात खोली झाडून घ्या. सुट्टीभर बंद असलेल्या खोलीत धूळ असते, कपाटाच्या वरच्या फळीवर आधीच्या मुलींचे कागद आणि रिकाम्या बाटल्या असतात. फक्त आपली बाजू न झाडता सगळी खोली झाडा. तिन्ही खाटा हलवून बघा, एखादीचा पाय डुगडुगतो. तिन्ही कपाटांच्या कड्या लागतात का ते पाहा. दिवा, पंखा आणि दोन्ही प्लग चालू करून बघा. काही बिघडलेलं असेल तर रेक्टरच्या ऑफिसमधल्या तक्रारवहीत तिथल्या तिथे लिहा. एक खाट मोडकी आहे हे आधी आलेलीला ठाऊक होतं आणि ती गप्प राहिली, असं नंतर कळलं तर ते लवकर विसरलं जात नाही.

रूममेटचा नंबर मिळाला असेल तर आदल्या दिवशी एक मेसेज पाठवावा. छोटा आणि कामाचा. ‘नमस्कार, मी सोलापूरची. आपण एकाच खोलीत आहोत. मी उद्या सकाळी पोचतेय. बादली, मग आणि झाडू मी आणते, एक्स्टेन्शन बोर्ड तुझ्याकडे आहे का? तू किती वाजेपर्यंत येशील?’ यात ओळख आली आणि तीन झाडू जमा होण्याचा प्रश्नही मिटला. नंबर मिळाला म्हणून तिचं इन्स्टाग्राम चाळून भेटल्यावर ‘तू गोव्याला गेली होतीस ना मे महिन्यात’ असं म्हणू नका. पाळत ठेवल्यासारखं वाटतं.

दारात

दार वाजलं की उठून उभं राहा. कानातले इयरफोन काढा, फोनवर बोलत असाल तर ‘नंतर करते’ म्हणून ठेवून द्या. दार पूर्ण उघडा आणि बाजूला व्हा, कारण समोरच्याच्या दोन्ही हातांत सामान असतं. मग आपलं नाव सांगा. पहिलं नाव आणि गाव, एवढं पुरतं. ‘ये ना, मी तुझी रूममेट, मी सोलापूरची.’

तिचं नाव नीट ऐकू आलं नाही तर तिथेच पुन्हा विचारा. तिसऱ्या दिवशी ‘तुझं नाव काय गं?’ हे विचारणं जड जातं, आणि चुकीचं नाव तोंडात बसलं की ते सुधारायला समोरचीलाही संकोच वाटतो. नाव आपल्या भाषेतलं नसेल तर एकदा उच्चारून दाखवा आणि ‘बरोबर म्हटलं ना?’ असं विचारा. नाव अवघड वाटतं म्हणून पहिल्याच दिवशी त्याचं लघुरूप करू नका. टोपणनाव तिने स्वतः सांगितलं तरच वापरा.

सामानाला हात लावण्याआधी ‘देऊ का हात?’ विचारा. चाकांची बॅग किंवा गादी उचलायला कुणी नाही म्हणत नाही. पण एखाद्या पिशवीत देवाची तसबीर असते, एखादीत आईने बांधलेला डबा असतो, आणि त्या पिशव्या माणूस दुसऱ्याच्या हाती देत नाही. नको म्हणाली तर दुसऱ्यांदा आग्रह नको.

आपल्याकडे अभिवादन हा साधा शब्द नसतो, त्यात माणूस कुठून आलाय ते थोडंफार येतं. कुणी ‘नमस्कार’ म्हणेल, कुणी ‘राम राम’, कुणी ‘जय भीम’, कुणी ‘सलाम’, आणि मुंबईची मुलगी कदाचित नुसतंच ‘हाय’ म्हणून हात पुढे करेल. समोरून जे आलं तेच परत देणं सगळ्यांत चांगलं. ‘जय भीम’ला ‘जय भीम’, ‘राम राम’ला ‘राम राम’, ‘अस्सलाम वालेकुम’ला ‘वालेकुम अस्सलाम’. तो शब्द आपल्या तोंडी बसत नसेल तर मोकळेपणाने ‘नमस्कार’ म्हणावं. टाळायची गोष्ट एकच. तो शब्द ऐकून क्षणभर थबकायचं आणि समोरचीला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळायचं, हे होता कामा नये. त्या एका क्षणाचा अर्थ समोरचीला अचूक कळतो, आणि मग पुढचं कितीही गोड बोलणं तो पुसू शकत नाही.

आता ‘तू’ आणि ‘तुम्ही’. एकाच वर्षातल्या मराठी मुली किंवा मुलं पहिल्या वाक्यापासून ‘तू’वर येतात, ते ठीकच आहे. वयात तीन-चार वर्षांचं अंतर दिसत असेल, एखादी नोकरी करून एम.टेक.ला आली असेल, तर ‘ताई’ किंवा ‘दादा’ म्हणून सुरुवात करावी आणि तिने स्वतः ‘अगं, तू म्हण’ म्हटलं की बदलावं. हिंदी बोलणाऱ्या रूममेटशी मात्र मराठी माणसाची हमखास चूक होते. आपण मराठीतला ‘तू’ जसाच्या तसा हिंदीत नेतो. ‘तू किधर से आयी?’ हे आपल्या कानाला आपुलकीचं वाटतं. उत्तर प्रदेश किंवा बिहारमधून आलेल्या घरंदाज मुलीला पहिल्या भेटीत तो ‘तू’ उद्धट वाटू शकतो. तिथे अनोळखी माणसाला ‘आप’ आणि बरोबरीच्या मैत्रिणीला ‘तुम’. पाटण्याच्या मुलीला म्हणूनच ‘आइए, आप बैठिए’ म्हणावं. दोन दिवसांत ती स्वतःच ‘तुम’वर येते. तिच्या वडिलांना ‘अंकल’ किंवा ‘चाचाजी’ म्हणा. मुलांच्या वसतिगृहात ‘भैया’ या शब्दाला जपा. बिहारमध्ये तो मोठ्या भावासाठीचा मानाचा शब्द आहे, पण महाराष्ट्रात तो हिणवायलाही वापरला जातो हे तिकडून आलेल्या मुलाने ऐकलेलं असतं.

मराठी-मराठीतही असंच घडतं. नागपूर-अमरावतीकडची मुलगी ‘काय करून राहिली?’ म्हणेल, कोल्हापूरची ‘मी आलो, मी जेवलो’ म्हणेल, खानदेशातली घरी फोनवर अहिराणीत बोलेल. पहिल्या दिवशी त्यावर हसणं, नक्कल करणं किंवा ‘तुमच्याकडे असं बोलतात का?’ विचारणं यामुळे ती तुमच्यापुढे शब्द तोलून बोलायला लागते. भाषेची थट्टा मैत्री झाल्यावर दोन्ही बाजूंनी होते, तेव्हा तिची मजा असते.

आई-वडील सोबत असतील तेव्हा

अमरावतीच्या मुलीबरोबर तिचे आई-वडील आहेत. रात्रभर बसून आलेले, चार मजले चढलेले. वसतिगृहाच्या खोलीत खुर्च्या असतात पण त्यांवर सामान ठेवलेलं असतं, म्हणून आधी दोन खुर्च्या मोकळ्या करा. ‘काका, काकू, नमस्कार, बसा ना.’ मग पाणी. पाणी भरलेली एक बाटली आणि एक स्वच्छ पेला आधीपासून तयार ठेवला असेल तर धावपळ होत नाही. कूलर कोणत्या मजल्यावर आहे हेही त्यांना लगेच सांगा, कारण आईचा पहिला प्रश्न पिण्याच्या पाण्याचा असतो आणि दुसरा बाथरूमचा.

काकू काही प्रश्न विचारतील. तुम्ही मूळचे कुठले, वडील काय करतात, आडनाव काय. त्यामागे बहुतेक वेळा मुलीची काळजी असते, कधी जात जोखण्याचा हेतूही असतो. उत्तर जेवढं द्यावंसं वाटतं तेवढंच द्या. गाव सांगून लगेच मेसचं जेवण, रेक्टरचा नंबर, दार बंद होण्याची वेळ यांकडे बोलणं वळवलं की त्यांच्या काळजीलाही उत्तर मिळतं. स्वतःचा मोबाइल नंबर काकूंना द्यायचा का, हे तुमच्यावर आहे. दिलात तर ‘तिचा फोन लागला नाही तर मला करा’ एवढंच म्हणा. रोज तिची खबर देण्याचं वचन देऊ नका. आपली रूममेट आईची हेर आहे असं एकदा मनात आलं की ती तुमच्यासमोर फोनवर बोलणंसुद्धा बंद करेल.

आणि मग खोलीतून बाहेर जा. पहिल्या दिवशी रूममेटसाठी करता येण्याजोगी याहून मोठी गोष्ट नाही, आणि बहुतेक जण नेमकी हीच विसरतात. आई गादी घालते, कपाटात कागद अंथरते, बॅगेतून डबे काढते, आणि निघायच्या वेळी मायलेकींना रडू येतं. तिसऱ्या माणसासमोर दोघी ते दाबून धरतात. ‘मी खाली जाऊन येते, अर्धा तास लागेल, किल्ली इथे टेबलावर ठेवलीय’ असं वेळ सांगून निघावं. वेळ सांगितली नाही तर त्या सारख्या दाराकडे बघत राहतात. परत येताना दार वाजवा. डोळे लाल दिसले तर ‘रडलीस का?’ विचारू नका. ‘चहाला येतेस?’ एवढं विचारा.

काय सांगायचं, काय विचारायचं नाही

नव्याने आलेल्याला पहिल्या तासात तीन गोष्टी कळल्या की ती स्थिरावते. पाणी, जेवण आणि किल्ली. गरम पाणी किती ते किती येतं, सोलरचं असेल तर साधारण किती वाजता संपतं. मेसचं दुपारचं आणि रात्रीचं जेवण कधी, पहिल्या दिवशी कूपन लागतं का नावावर लिहितात. खोलीच्या किल्ल्या किती आहेत आणि मुख्य दार रात्री किती वाजता बंद होतं. तुम्हालाही ठाऊक नसेल तर ‘चल, दोघी जाऊन विचारू’ म्हणा. ऑफिसपर्यंत चालत जाण्याच्या त्या पाच मिनिटांत जेवढी ओळख होते तेवढी खोलीत समोरासमोर बसून होत नाही.

बाकीचं सगळं, म्हणजे कोणते सर कडक, कुठली लॅब वाईट, मागच्या वर्षी काय झालं, दुसऱ्या दिवसासाठी ठेवा. थकलेल्या माणसाला माहितीचाही त्रास होतो.

विचारू नये अशा प्रश्नांत पहिला नंबर आडनावाचा. महाराष्ट्रात आडनावावरून बरेचदा जात कळते आणि ‘पूर्ण नाव काय?’ या प्रश्नाचा रोख कळायला कुणालाच वेळ लागत नाही. आडनाव दारावरच्या यादीत किंवा हजेरीत आपोआप कळतंच, ते विचारायची गरज नसते. दुसरा प्रश्न गुणांचा. ‘सीईटीला किती पर्सेंटाइल?’, ‘कितव्या राउंडला मिळालं?’, ‘ओपनमधून का?’ हे प्रश्न वरवर अभ्यासाचे वाटतात, पण त्यांतून प्रवर्ग शोधला जातो. मुंबईच्या आयआयटीने २०२३ मध्ये विद्यार्थ्यांना दिलेल्या सूचनांत एकमेकांना प्रवेशाचा प्रवर्ग विचारू नका, आणि जेईई अॅडव्हान्स्डचा रँक किंवा गेटचा स्कोअरही विचारू नका, असं स्पष्ट म्हटलं, ते याच कारणाने. समोरचीने स्वतःहून सांगितलं तर ऐकून घ्या आणि पुढे चला, त्यावर हिशेब मांडू नका.

मग बोलायचं काय? प्रवास कसा झाला, काही खाल्लंस का, कोणती ब्रँच, सकाळी लवकर उठतेस का. यातल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर देताना कुणाला काही लपवावं लागत नाही. सोलापूर-अमरावती असा जोड असेल तर उन्हाळा हा विषय तासभर पुरतो.

डबा

पहिल्या दिवशी प्रत्येक बॅगेत खाऊ असतो. शेंगाचटणी, चिवडा, लाडू, पाटण्याकडून ठेकुआ. तो एकत्र उघडणं ही ओळखीची सर्वांत सोपी वाट, फक्त दोन-तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात.

डबा आपल्या खाटेवर न उघडता टेबलावर उघडा, म्हणजे कुणाला दुसऱ्याच्या अंथरुणावर यावं लागत नाही. आत काय आहे ते सांगा. ‘शेंगाचटणी आहे, लसूण आहे त्यात’ एवढं म्हटलं की कांदा-लसूण न खाणारीला कारण न सांगता बाजूला राहता येतं. अभियांत्रिकीचे प्रवेश पावसाळ्यात होतात, त्यामुळे वसतिगृहातले पहिले दिवस अनेकदा श्रावणात किंवा गणपतीच्या आसपास येतात. कुणाचा सोमवार असतो, कुणाचा शनिवार, एखादी जैन मुलगी चातुर्मासात सूर्यास्तानंतर खात नाही. डब्यात मांसाहार किंवा सुकट असेल तर उघडण्याआधी ‘चालेल ना इथे?’ असं विचारावं. आणि नको म्हणणारीने ‘मी खात नाही, तुम्ही खा’ इतकंच म्हणावं. नाक मुरडणं, खिडकी उघडायला धावणं, ‘शी’ म्हणणं यांतून समोरचीच्या घराचाच अपमान होतो.

मराठी माणूस पहिल्यांदा विचारलं की ‘नको’ म्हणतो, ही आपली रीत आहे. म्हणून दुसऱ्यांदा विचारा. ‘अगं घे, आईने दोघींपुरते दिलेत.’ दुसऱ्यांदाही नको आलं तर डबा झाकण उघडं ठेवून टेबलावर राहू द्या आणि विषय बदला. तिसरा आग्रह उपासवालीला, पोट बिघडलेलीला आणि घरच्या आठवणीने घास न उतरणारीला सारखाच जाचक होतो.

खाटा ठरवताना

आपल्या खोलीत संध्याकाळी सात वाजता तिसरी मुलगी येते. दोघींची दुपारभरात चांगली गट्टी जमलेली आहे आणि खरी अडचण इथेच असते. तिघींच्या खोलीत शेवटी येणारी कायम पाहुणी राहते, कारण पहिल्या दोघींच्या बोलण्याचा धागा तिला सापडत नाही, त्यात भाषा वेगळी. म्हणून ती आत आली की दोघींनीही हिंदीवर यायचं, आपसात बोलतानासुद्धा. हिंदी मोडकी असली तरी चालते. मराठीत एखादं वाक्य गेलंच तर ते काय होतं ते तिला सांगा. अनोळखी भाषेत कुणी हसलं की आपल्यालाच हसलं असं वाटतं.

आधी तिला हातपाय धुऊ द्या, मेस बंद होण्याआधी जेवायला सोबत न्या. खाटांचं बोलणं जेवणानंतर. वडील खोलीबाहेर गेल्यावर, तिघी बसून.

तीन जागांचे गुणदोष मोठ्याने मांडायचे. खिडकीजवळ उजेड आणि प्लग, पण पश्चिमेची खिडकी असल्याने पावसाची झड आणि दुपारचं ऊन, शिवाय डास आधी तिथे येतात. दाराजवळ प्लग आहे, पण पॅसेजचा दिवा डोळ्यांवर येतो आणि रात्री येणाऱ्या-जाणाऱ्याचा आवाज. मधल्या खाटेवर वारं सगळ्यांत जास्त, पण प्लग नाही. असं मांडलं की प्रत्येकीला वेगळं काहीतरी हवं असल्याचं दिसतं. अमरावतीच्या मुलीला धुळीने शिंका येतात, तिला खिडकी नको. पाटण्याची रात्री उशिरापर्यंत वाचते, तिला दिव्याजवळचा प्लग हवा. सोलापूरचीला वारं लागतंच. मग मधली सोलापूरला, खिडकी पाटण्याला, दार अमरावतीला. मधल्या खाटेसाठी एक एक्स्टेन्शन बोर्ड दाराजवळच्या प्लगवरून भिंतीच्या कडेने न्यायचा, चालण्याच्या वाटेत वायर नको. त्यावर फक्त फोन आणि लॅपटॉप. इस्त्री किंवा पाणी तापवायची कॉइल त्या वायरवर लावली तर ती तापते, आणि बहुतेक वसतिगृहांत कॉइलला बंदीच असते.

दोघींना एकच जागा हवी असेल तर चिठ्ठी टाका आणि दुसऱ्या सत्रात जागा बदलायची असं तेव्हाच ठरवा. वादापेक्षा चिठ्ठी बरी, कारण हरलेलीचा राग नशिबावर जातो.

पहिली रात्र

पहिल्या रात्री नियमावली करायला बसू नका. भांडी कोण घासणार, पाहुणे किती, खर्च कसा वाटायचा हे आठवडाभराने, एकमेकींच्या सवयी दिसल्यावर ठरवलेलं टिकतं. त्या रात्री चारच गोष्टी बोलायच्या. दिवा किती वाजता बंद, पंखा किती नंबरवर, सकाळचा गजर कितीचा, आणि कुणाला धुराचा त्रास आहे का. शेवटचा प्रश्न विसरू नका. मच्छर अगरबत्ती किंवा देवापुढची उदबत्ती लावायची सवय असते आणि बंद खोलीत दम्याच्या मुलीला रात्री एकला त्याचा त्रास सुरू होतो. नव्या ओळखीत ती उठवायलाही लाजते. ‘मला दम्याचा त्रास आहे, इन्हेलर या कप्प्यात असतो’, ‘मला फिट येते’, ‘मला रात्री दिवा लागतो’ असं ज्याचं त्याने पहिल्या रात्रीच सांगावं, आणि ऐकणाऱ्याने ते खोलीबाहेर नेऊ नये.

घरी खोली दाखवायला व्हिडिओ कॉल होतोच. कॅमेरा फिरवण्याआधी ‘आईला खोली दाखवतेय, चालेल ना?’ असं विचारा. फोन स्पीकरवर नको, विशेषतः घरचे रूममेटबद्दल विचारणार असतील तेव्हा.

रात्री सीनियर दार वाजवून ‘इंट्रो’ मागायला आले तर एकटीला बाहेर पाठवू नका. तिघींनी एकत्र उभं राहायचं आणि नाव, गाव, ब्रँच सांगायची. त्यापुढे गाणं, नाच, शिव्या, जात किंवा भाषेवरून बोलणं सुरू झालं तर ते रॅगिंग आहे. महाराष्ट्रात १९९९ पासून त्याविरुद्ध कायदा आहे आणि यूजीसीची रॅगिंगविरोधी हेल्पलाइन १८००-१८०-५५२२ आहे. हा नंबर आणि रेक्टरचा नंबर तिघींच्याही फोनमध्ये त्याच संध्याकाळी घालून ठेवावा.

फ्लॅटमध्ये वेगळं काय

फ्लॅटमध्ये चौघे आधीपासून राहतात आणि पाचवा नवा येतो. इथे सगळे नवखे नसतात, म्हणून काम जुन्यांचं जास्त. तो येण्याआधी कपाटाचा एक पूर्ण भाग, फ्रिजमधला एक कप्पा, बाथरूममधली एक खुंटी आणि चप्पल-स्टँडवर एका जोडाची जागा खरोखर रिकामी करा. ‘तुझं काय ते ठेव इथेच कुठेतरी’ म्हणजे जागा नाही असाच अर्थ होतो. सोसायटीच्या वॉचमनला त्याचं नाव आधी सांगा, नाहीतर पहिल्याच दिवशी तो गेटवर बॅगा घेऊन उलटतपासणी देत उभा राहतो. स्वयंपाकाच्या मावशींशी ‘हे आजपासून आपल्याकडे राहणार’ म्हणून ओळख करून द्या, पोळ्या किती लागतात ते त्यालाच सांगू द्या.

पैसे मात्र त्या दिवशी दारातच काढू नका. डिपॉझिट, भाड्यातला वाटा, मावशींचा पगार, वायफायचं बिल हे आधी मेसेजवर आकड्यांसकट कळवलेलं असावं. आल्या आल्या ‘तेवढं डिपॉझिट ट्रान्सफर कर ना’ असं स्वागत झालं तर ते वर्षभर लक्षात राहतं.

ती बोलतच नाही तर

सगळं नीट करूनही कधी रूममेट भिंतीकडे तोंड करून पडून राहते, हो-नाहीपलीकडे बोलत नाही. घरची आठवण आणि नाराजी बाहेरून सारखीच दिसते, पण थोडं लक्ष दिलं तर फरक कळतो. आठवण येणारी सारखी फोन बघते, जेवायला नको म्हणते, पण तुम्ही चहा आणून ठेवलात तर पिते. नाराज असलेली व्यवस्थित जेवते, दुसऱ्या खोलीतल्या मुलींशी बोलते आणि तुम्ही आलात की गप्प होते. पहिलीला सोबत हवी असते, बोलणं नको. तिच्याशेजारी आपलं काही वाचत बसलं तरी पुरतं, आणि जेवायला जाताना रोज एकदा ‘येतेस?’ विचारायचं. दुसरीला दोन दिवस जाऊ द्यावेत आणि मग एकटीला गाठून सरळ विचारावं, ‘माझं काही चुकलं का?’ बहुतेक वेळा उत्तर छोटं असतं. तुमचा गजर पाचला वाजतो आणि तुम्ही तो चार वेळा पुढे ढकलता, किंवा तिची बादली न विचारता घेतली.

चार-पाच दिवसांनंतरही ती खात नसेल, रात्री झोपत नसेल, वर्गाला जात नसेल, तर ते एकट्याने पेलायचं काम नाही. तिला सांगून, तिच्यासोबत रेक्टरकडे किंवा महाविद्यालयाच्या समुपदेशकाकडे जा.